एक वजा लॅम्डा

उत्तरपत्रिका आता हातात येत नाहीत. स्कॅन होऊन स्क्रीनवर येतात. नाव नाही, नंबर नाही, नुसतं अक्षर. कुणाचं बारीक, कुणाचं उजवीकडे कललेलं, कुणाचं घाईघाईत ओळ सोडून पळणारं. क्षिप्रा कल्याणच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायची. डिसेंबरात पहिल्या सेमिस्टरचे पेपर तपासायला बसलं की दुपारनंतर तिला वाटायला लागायचं, आपण एखाद्या मोठ्या तळ्याच्या काठी बसलोय. ही अक्षरं तळातून वर येतायत, जराशी थांबतायत, आणि मार्क मिळाले की परत खाली जातायत.

पेपर तपासायच्या कॉम्प्युटर लॅबचे पडदे ओढलेले होते. एका फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती, ती हळूहळू एका कीबोर्डवरून दुसऱ्यावर सरकत होती. कुणी बोलत नव्हतं. एसीचा आवाज आणि माऊसच्या टिचक्या, एवढंच.

त्या दिवशी तिच्याकडे सहाव्या प्रश्नाचा 'ब' होता. आठ मार्कांचा. पेपर खांबेटे सरांनी काढला होता. सुधीर खांबेटे म्हणजे तिचे स्वतःचे सर. एम.एस्सी.ला त्यांनी तिला शिकवलं होतं, पुढे याच कॉलेजात ती त्यांच्या हाताखाली नोकरीला लागली होती. आता ते रिटायर झाले होते, पण पहिल्या वर्षाच्या गणिताचा पेपर काढायचा म्हटलं की कॉलेज अजून त्यांच्याच दारात जायचं.

प्रश्न दोन ओळींचा होता. x² + y² = 25 आणि x + y + z = 7 या दोन्ही अटी पाळणाऱ्या बिंदूंमधून आरंभबिंदूच्या सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात लांबचा बिंदू लॅग्रांजच्या रीतीने शोधा.

क्षिप्राला हा प्रश्न आवडला होता. पहिली अट म्हणजे सरळ उभी, वर-खाली कुठे न संपणारी वृत्तचिती, गोल नळीसारखी. दुसरी अट म्हणजे तिला तिरकं कापत जाणारं एक सपाट प्रतल. दोन्ही जिथे भेटतात तिथे हवेत एक तिरपं लंबवर्तुळ तयार होतं. तुम्हाला चालायचं असेल तर फक्त त्या कड्यावरून. आणि चालता चालता सांगायचं की आपण आरंभबिंदूपासून सगळ्यात जवळ कधी होतो आणि सगळ्यात लांब कधी.

रीत ठरलेली. अंतराचा वर्ग म्हणजे x² + y² + z². प्रत्येक अटीला एकेक गुणक द्यायचा, वृत्तचितीला λ, प्रतलाला μ. तीन दिशांची तीन समीकरणं मिळतात:

2x = 2λx + μ
2y = 2λy + μ
2z = μ

आणि मूळच्या दोन अटी. पाच समीकरणं, पाच अज्ञात.

मॉडेल उत्तर तिच्या बाजूला दुसऱ्या खिडकीत उघडं होतं, सरांच्या हस्ताक्षरात. तिसऱ्या समीकरणातून μ = 2z. तो वरच्या दोन्हींत घातला की (1 − λ)x = z आणि (1 − λ)y = z. दोन्हीकडे (1 − λ) ने भागलं की x = y. मग वृत्तचितीच्या अटीतून x आणि y दोन्ही 5/√2, नाहीतर दोन्ही −5/√2. प्रतलाच्या अटीतून z एकदा 7 − 5√2, एकदा 7 + 5√2. पहिला बिंदू जवळचा, दुसरा लांबचा. संपलं.

बहुतेक मुलांनी हेच लिहिलं होतं. क्षिप्राचा हात आपोआप चालत होता. आठ. आठ. आकडेमोड चुकली, सहा. आठ.

मग एक अक्षर वर आलं. निळ्या शाईचं, गोलसर, जरा मोठं. या मुलाने किंवा मुलीने पहिल्या समीकरणातून दुसरं वजा केलं होतं आणि लिहिलं होतं: (x − y)(1 − λ) = 0. त्याखाली पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारली होती. रेघेच्या डावीकडे x = y. उजवीकडे λ = 1. दोन्ही बाजू सावकाश, न घाबरता सोडवल्या होत्या. शेवटी चार बिंदू, आणि जवळचे म्हणून मॉडेल उत्तरात नसलेलेच दोन.

जादा बिंदू, जवळचा चुकीचा. क्षिप्राने चार मार्क दिले आणि पुढचा पेपर घेतला.

पुढचा पेपर समोर आला, पण ती उभी रेघ डोळ्यांसमोरून हलेना. दुपारच्या त्या गुंगीत तिला वाटलं, आपण एका फाट्यावरून गेलो आणि एक वाट पाहिलीच नाही. तिने मागचा पेपर परत उघडला. उजवी बाजू वाचली. λ = 1 असेल तर पहिल्या समीकरणात 2x = 2x + μ, म्हणजे μ शून्य. म्हणून z शून्य. उरलं काय, x + y = 7 आणि x² + y² = 25.

तीन आणि चार.

(3, 4, 0) आणि (4, 3, 0). अंतराचा वर्ग नेमका पंचवीस. सरांच्या 'जवळच्या' बिंदूचा z उणे सात शतांश, त्याच्या अंतराचा वर्ग पंचवीस पूर्णांक पाच सहस्रांश. केसाएवढा फरक. पण जवळ तो जवळ. शिवाय नीट पाहिलं तर कड्यावर x² + y² कायम पंचवीसच आहे, त्यामुळे अंतराचा वर्ग म्हणजे 25 + z², तो पंचवीसच्या खाली जाऊच शकत नाही, आणि जिथे z शून्य होतो तिथेच तो पंचवीस होतो. सरांचा बिंदू जवळचा नव्हता. तो त्या दोन खऱ्या बिंदूंच्या मधला एक इवलासा उंचवटा होता.

मॉडेल उत्तर चुकलं होतं. (1 − λ) शून्य असू शकतो हे न बघता त्याने भागलं होतं.

चूक कुणाचीही होते, रात्रंदिवस आकडे हाताळणाऱ्याचीही. पण तिला दुसरंच काहीतरी छळायला लागलं. सात. सरांनी सात का घेतला असेल? मॉडेल उत्तराची वाट धरली तर पंचवीस आणि सात मिळून ते 7 − 5√2 सारखे ओबडधोबड आकडे येतात. सर असे आकडे कधी घेत नसत. सात घ्यायचं एकच कारण होतं, तीन आणि चार. म्हणजे ज्या माणसाने हा प्रश्न रचला त्याला ते दोन बिंदू माहीत होते. त्याने ते तिथे हाताने ठेवले होते, मुलांना सापडावेत म्हणून. आणि ज्या माणसाने उत्तर लिहिलं, त्याला ते ठेवल्याचं आठवत नव्हतं.

उन्हाची पट्टी तिच्या हातापर्यंत आली होती. तिला हात काढून घ्यावासा वाटला नाही.

*

केदार म्हणजे तिचा सहकारी, पेपर तपासणीचा इनचार्ज. बाजूच्या केबिनमध्ये बसायचा. क्षिप्राने त्याला सगळं दाखवलं. त्याने कागदावर एकदा करून पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग त्याने सांगितलं की दुरुस्ती काढावी लागेल, सगळे पेपर परत उघडावे लागतील, त्यात अडचण नाही. पण दुरुस्तीवर पेपर काढणाऱ्याची सही लागते.

ती म्हणाली, उद्या मी डोंबिवलीला सरांकडे जाऊन येते.

केदारने मान हलवली. मग तो खिडकीकडे बघत सांगायला लागला की गणपतीत सरांचा फोन आलेला. बाबा कसे आहेत विचारत होते. केदारचे वडील मार्चमध्ये गेले होते आणि सर स्वतः स्मशानात येऊन उभे राहिले होते. केदारने त्यांना तसं काही सांगितलं नाही. बरे आहेत, म्हणाला.

"सही घेऊन ये," तो म्हणाला. "छपाईची चूक होती म्हण. वाचायला नको लावूस त्यांना."

क्षिप्राला हे वाईट वाटलं नाही. उलट, तो हे म्हणाला नसता तर आपणच म्हटलं असतं, असं तिला वाटलं. सरांचं विसरणं तिनेही पाहिलं होतं. एकच गोष्ट दोनदा विचारणं, तिला एकदा भलत्याच नावाने हाक मारणं. पाहिलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं, जशी एखादी किचकट बेरीज आपण नंतर करू म्हणून ठेवतो.

*

सर डोंबिवली पश्चिमेला राहायचे, मोठागावच्या बाजूला, जिथून खाडी दिसते. क्षिप्रा सकाळी टिटवाळ्याच्या आपल्या घरून निघून तिथे पोचली तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं. समोरचा किनारा दिसत नव्हता. खाडीवरचा पूल अर्ध्यातच संपल्यासारखा वाटत होता.

दार सरांच्या बायकोने, उत्तराकाकूंनी उघडलं. काकू ठाण्याच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. उंच, शांत बाई, बोलताना हाताने हवेत आकार काढायच्या. त्यांनी क्षिप्राला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि दार जरासं लोटून घेतलं. केदारचा फोन येऊन गेला होता.

चहा उकळेपर्यंत त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. नवरात्रात एका संध्याकाळी सर भाजी आणायला म्हणून निघाले आणि आले नाहीत. ते ठाण्याला गेले होते. टेंभी नाक्यावर, देवीच्या गर्दीत, एका इमारतीपुढे उभे होते. त्यांचं लहानपण तिथल्या एका चाळीत गेलं होतं. ती चाळ पाडूनही आता किती वर्षं झाली. एका दुकानदाराने त्यांच्या फोनवरून काकूंना फोन लावला. घरी आल्यावर सर म्हणाले, आईने दिवा लावला नव्हता, म्हणून थांबलो. त्याच आठवड्यात ते टेबलाशी बसून मॉडेल उत्तरं लिहीत होते. काकूंनी डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती सरांनी मोडली. मुलाला, पुण्याच्या सलिलला, काकूंनी अजून काही कळवलं नव्हतं.

"त्यांना कळू देऊ नकोस," काकू म्हणाल्या. "गणित तेवढं राहिलंय त्यांच्याजवळ. तेही चुकतंय म्हटलं तर काय धरून बसतील?"

क्षिप्राने चहाचा ट्रे उचलला.

सर गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसले होते, अंगावर शाल. समोर नुसतं पांढरं धुकं आणि त्यात मधेच एखादी होडी उमटायची, मोटारीचा आवाज यायचा, आणि होडी पुसली जायची. क्षिप्राला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ये, ये. रसिका नाही आली?"

रसिका तिच्या बरोबरची एम.एस्सी.ची मैत्रीण. आता कॅनडात होती. क्षिप्रा म्हणाली, नाही सर, तिला जमलं नाही. सर म्हणाले, व्हायव्हा झाली की दोघी मिळून या. मग ते थोडा वेळ धुक्याकडे बघत राहिले आणि परत आले तेव्हा त्यांना सगळं ठीक माहीत होतं. कॉलेज, पेपर, केदार, नवीन प्राचार्य. ते कुठून कसे परत आले ते दिसलं नाही. होडीसारखेच.

क्षिप्राने बॅगेतून दुरुस्तीचा कागद काढला. छपाईची काहीतरी दुरुस्ती आहे, असं तिने म्हटलंही. सरांनी चष्मा न लावताच तिच्या हातातून पेन घेतलं आणि कुठे करू सही, असं विचारलं.

कागद त्यांच्या मांडीवर होता. बोट ठेवलं असतं की झालं असतं. काकू दारात उभ्या होत्या. क्षिप्राने सरांचा हात पाहिला, पेन धरलेला, विश्वासाने थांबलेला. या हाताने तिला शिकवलं होतं की दुसऱ्याने सांगितलंय म्हणून एकही ओळ मान्य करायची नाही. तिने कागद परत ओढून घेतला.

"सर, आधी एकदा मला सोडवून दाखवा."

काकू आत निघून गेल्या.

तिने प्रश्न एका कोऱ्या कागदावर लिहून दिला. सर सरसावून बसले. खुर्ची पुढे घेतली, शाल खांद्यावरून खाली गेली ते त्यांना कळलं नाही. शिकवायचा आवाज लागला. आधी चित्र, म्हणाले, आणि काकूंना हाक मारली. काकू आल्या. सरांनी त्यांना सांगितलं की एक उभी नळी काढ आणि तिला तिरकी काप. काकूंनी पेन्सिल घेतली आणि काढली. कापाच्या जागी लंबवर्तुळ आलं, एका ओघात, कुठे टोक नाही. मुलं घड्याचं तोंड काढताना कडेला टोकं करतात, सर क्षिप्राला म्हणाले, हिने आयुष्यभर तीच टोकं पुसली.

मग समीकरणं. दोन अटींचे दोन गुणक. अट म्हणजे दोरी समज, ते म्हणाले. दोरी एकच असेल तर ओढ एकाच दिशेने झेलता येते. इथे दोन आहेत. अंतराची ओढ या दोघींनी वाटून घ्यायची, किती कुणी ते λ आणि μ सांगणार. कड्याच्या दिशेने काही ओढ उरली तर बिंदू सरकेल. उरली नाही तर तो थांबेल. थांबलेले बिंदू शोधायचे.

पाच समीकरणं त्यांनी एकाखाली एक लिहिली. अक्षर जरा थरथरत होतं, पण ओळी सरळ होत्या. μ = 2z. मग (1 − λ)x = z. मग (1 − λ)y = z. आणि पेन क्षणभरही न थांबता x = y.

क्षिप्राने आपले हात मांडीवरच ठेवले.

सर शेवटापर्यंत आले. 7 − 5√2 लिहिलं आणि त्याकडे पाहिलं. भुवया आकसल्या.

"हे काय घाणेरडं आलं."

त्यांनी प्रश्न परत वाचला. मग उत्तर. मग प्रश्न.

"हा सात कुणी घेतला?"

"तुम्ही, सर."

"मी नाही घेत असे आकडे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. धुकं आता थोडं वर उचललं होतं आणि खाली पाण्याची एक करडी पट्टी दिसायला लागली होती. सर तिकडे पाहत राहिले. क्षिप्राला वाटलं ते गेले, परत त्या चाळीकडे, दिव्याकडे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. काकू पेन्सिल हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"सात," सर म्हणाले, अगदी हळू. "तीन आणि चार."

त्यांचं बोट कागदावर आलं. शेवटच्या ओळीवरून वर सरकायला लागलं, एकेक ओळ, जशी अंधाऱ्या जिन्यात माणूस कठडा चाचपत जातो. x = y वर थांबलं. त्याच्या वर गेलं. तिथे राहिलं.

"इथे," ते म्हणाले. "इथे भागलंय मी."

मग त्यांनी कागदाच्या उरलेल्या उजव्या बाजूला लिहिलं: λ = 1. त्याखाली μ = 0. त्याखाली z = 0. आणि ते दोन बिंदू. μ च्या शून्याभोवती त्यांनी एक गोल काढला आणि सवयीने समजावायला लागले की बघ, प्रतल आहे तिथेच आहे, बिंदू त्याच्यावर आहेच, पण त्याची ओढ काहीच लागत नाही. सगळा भार वृत्तचितीने घेतला. अट असते, पाळलीही जाते, पण तिचं ओझं नसतं, असं होतं कधी कधी. म्हणून तर हा प्रश्न काढला होता. मुलं नेमकी इथेच घसरतात.

शेवटचं वाक्य बोलून ते थांबले.

"मॉडेल उत्तरात मी काय लिहिलंय?"

काकूंनी क्षिप्राकडे पाहिलं. क्षिप्राने सरांकडे.

"डावी बाजू, सर. तेवढीच."

सरांनी मान हलवली. रागाने नाही, दुःखानेही नाही, एखादा निरोप मिळावा तशी. थोड्या वेळाने विचारलं, कुणाला आली का उजवी बाजू? क्षिप्राने सांगितलं की तिच्याकडच्या पेपरांत एकाला आली, मधोमध रेघ मारून, चारही बिंदू. कोण ते कळत नाही. सरांच्या चेहऱ्यावर पूर्वीचं हसू आलं, ते वर्गात एखाद्याने मागच्या बाकावरून बरोबर उत्तर दिलं की यायचं तसं, आणि बराच वेळ राहिलं.

"जूनमध्ये मी काढलेला प्रश्न," ते म्हणाले. "ऑक्टोबरमध्ये मलाच नाही सुटला." मग काकूंकडे वळून, "तुला माहीत होतं?"

"गणिताचं नव्हतं," काकू म्हणाल्या. "बाकीचं होतं."

"मलाही होतं."

काकू खाली बसल्या, फरशीवरच, त्यांच्या खुर्चीला टेकून. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. क्षिप्रा उठून कपबश्या आत घेऊन गेली आणि नळ सोडून त्या उगीचच पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

ती बाहेर आली तेव्हा सरांनी दुरुस्ती स्वतःच्या हाताने लिहून काढली होती. दोन्ही बाजू. छपाईची चूक नाही, सोडवण्यातली चूक, असं स्पष्ट लिहून खाली सही केली होती. मग त्यांनी केदारला फोन लावायला सांगितला. त्याला सांगितलं की पुढल्या वर्षापासून पेपर दुसऱ्या कुणाला दे. आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, केदार, बाबांचं मी तुला काहीतरी विचारलेलं मागे. माफ कर.

क्षिप्रा निघाली तेव्हा काकू लिफ्टपर्यंत आल्या. तिला वाटलं काकू रागावतील. त्या म्हणाल्या, मी तुला नको म्हटलं होतं. मग म्हणाल्या, बरं झालं ऐकलं नाहीस. दोन्ही एकाच स्वरात.

*

दुरुस्ती त्याच संध्याकाळी सगळ्यांना गेली. λ = 1 च्या बाजूला तीन मार्क ठरले, ज्यांनी ती सोडली होती त्यांचे तेवढे गेले. काही दिवस लॅबमध्ये कुरकुर झाली. क्षिप्राने तो निळ्या शाईचा पेपर शोधून उघडला, चार खोडून आठ दिले, आणि तो परत तळाला गेला.

जानेवारीत सर ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या. जे काकूंना वाटत होतं तेच निघालं, पण सुरुवात होती. सलिल पुण्याहून येऊन आठवडाभर राहिला. गोळ्या सुरू झाल्या. बरं होणार नव्हतं, सावकाश होणार होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

क्षिप्रा रविवारी जायला लागली. काही रविवार लख्ख असायचे, सर तिला नवे प्रश्न घालायचे, दोन अटींचे, तीन अटींचे. काही रविवारी ते तिला रसिका म्हणायचे. सुरुवातीला ती दुरुस्त करायची, मग सोडून दिलं. रसिका म्हणून ओ दिली की सर तिला असे काही किस्से सांगायचे जे क्षिप्राला कधी सांगितले नव्हते.

मार्चमधल्या एका रविवारी सर आत झोपले होते. खाडीला भरती होती आणि पाणी इतकं स्थिर होतं की पूल खालीही एक होता. काकूंनी गॅलरीत टेबल मांडलं आणि ड्रॉइंगचे जाड कागद आणून ठेवले.

"मला शिकव," त्या म्हणाल्या.

क्षिप्राला आधी कळलंच नाही.

काकू सांगायला लागल्या. इतकी वर्षं ते या टेबलाशी बसायचे आणि मी त्या टेबलाशी. कधी विचारलं नाही काय करता, त्यांनीही कधी विचारलं नाही हा रंग का. चाललं होतं. आता ते कधी कधी मधेच एखादं समीकरण बोलायला लागतात आणि उत्तराची वाट बघतात. मी नुसती हं म्हणते. त्यांना कळतं मी नुसती हं म्हणतेय.

"सगळं नको," काकू म्हणाल्या. "पहिल्या दोन-तीन ओळी आल्या तरी पुरे. पुढे ते नेतील. नाही नेलं तर मी थांबेन त्यांच्याबरोबर."

क्षिप्राने सर्वांत आधी ∂ काढून दाखवलं. बाकी सगळ्यांना थोडा वेळ हलू द्यायचं नाही, एकालाच हलवायचं, आणि बघायचं काय होतं ते, याची ही खूण. काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. उलट्या सहासारखं आहे, म्हणाल्या, पण मान अशी मागे वळलेली, हाक ऐकल्यासारखी. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि एका ओघात काढलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग एक ओळभर, एकमेकांसारखी, तरी प्रत्येक जरा वेगळं, जसं शाळेत मुलींना गिरवायला द्यायच्या तसं.

आतून सरांच्या चपलांचा आवाज आला. ते दारात उभे राहिले, झोपेतून उठलेले, केस विस्कटलेले. कुणाला ओळखलं, कुणाला नाही, ते चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, जवळ आले आणि वाकले.

"पोट जरा मोठं झालंय," ते काकूंना म्हणाले, आणि त्यांच्या हातातली पेन्सिल घेऊन शेजारी एक काढून दाखवायला बसले.